‘सरकारनं केस मागे घेतली’ असं कुणी सांगितलं, तर आधी कोर्टात चौकशी करा

प्रश्न : हडपसरला माझं चष्म्यांचं दुकान आहे. 2019 मध्ये एका बंदच्या दिवशी जमावानं दुकान फोडलं. काचा, शोकेस, फ्रेम मिळून 80 हजारांचं नुकसान झालं. शटर ओढायला गेलेल्या धाकट्या भावाच्या मनगटावर गजाचा फटका बसला, हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली. फिर्याद मी दिली. 14 आरोपी आहेत, त्यात एक माजी नगरसेवक आणि एक आमच्याच गल्लीतला मुलगा. आता मला शिवाजीनगर कोर्टातून साक्षीचं समन्स आलंय. पण ओळखीचे एक जण म्हणाले, “आंदोलनातल्या सगळ्या केसेस सरकारनं मागे घेतल्या, जाऊन काय करणार?” मला न विचारता केस कशी काय मागे घेतात? विरोध करावा, तर सरकारपुढे माझं काय चालणार, आणि गल्लीत वाईटपणा येणार. गप्प बसावं, तर भावाला काय तोंड दाखवू? तो मुलगा चांगला आहे, नोकरी शोधतोय, त्याचं वाटोळं व्हावं असं मला वाटत नाही. – एक दुकानदार

उत्तर : पहिली गोष्ट, समन्सवर जी तारीख आहे त्या तारखेला कोर्टात जा. समन्स कोर्टानं काढलेलं आहे, ते कोर्टच रद्द करू शकतं. ओळखीच्या माणसाच्या भरवशावर घरी बसलात आणि केस चालूच निघाली, तर तुमच्या नावानं वॉरंट निघेल आणि ज्यांनी दुकान फोडलं त्यांच्याआधी तुम्हीच खुलासे देत बसाल.

आता ‘सरकारनं केस मागे घेतली’ या वाक्याकडे वळू. राज्य सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढतं, की राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले अमुक तारखेपर्यंतचे खटले मागे घेण्याची कार्यवाही करावी. त्याला अटी असतात : जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान ठरावीक रकमेच्या आत असावं. मग एक समिती एकेक प्रकरण तपासून शिफारस करते. पेपरात बातमी येते ती या टप्प्यावर, आणि लोक तिथेच वाचायचं थांबवतात. कायद्याच्या दृष्टीनं तोवर तुमच्या केसमध्ये काहीही घडलेलं नसतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 321 (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 360 झालं) खटला मागे घेण्याचा अधिकार सरकारला देतच नाही. तो अधिकार त्या खटल्याचं काम पाहणाऱ्या सरकारी वकिलाला आहे, आणि तोही कोर्टाच्या संमतीनं. मंत्रिमंडळानं ठरवलं, समितीनं शिक्का मारला, तरी वकिलानं अर्ज दिला नाही किंवा कोर्टानं संमती दिली नाही तर केस होती तिथेच राहते.

म्हणून आधी एवढंच शोधा, की तुमच्या केसमध्ये असा अर्ज आलाय का. समन्सवर आरसीसी नंबर, म्हणजे तुमच्या केसचा कोर्टातला क्रमांक असेल. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर तो घातला, की तारखा आणि प्रत्येक तारखेला काय झालं ते थोडक्यात दिसतं. तिथे कळलं नाही तर कोर्टाच्या कारकुनाकडे किंवा सरकारी वकिलांकडे सरळ विचारा : “321 चा अर्ज दाखल आहे का? कितवी निशाणी?” निशाणी म्हणजे कोर्टात दाखल झालेल्या कागदाला दिलेला क्रमांक. हे असंच विचारा. ‘केस मागे घेतली का’ असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळेल. अर्ज असेल तर त्याची नक्कल मागून घ्या. पुढचं सगळं त्या कागदावर काय लिहिलंय यावर अवलंबून आहे.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात हे काम सहायक सरकारी अभियोक्ता पाहतात, ज्यांना सगळे एपीपी म्हणतात. ते सरकारचे पगारी अधिकारी असले तरी या एका बाबतीत कायदा त्यांच्याकडून स्वतंत्र विचाराची अपेक्षा करतो. 1977 मध्ये बलवंत सिंग विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा निर्णय सरकारी वकिलाचा स्वतःचा असला पाहिजे, वरून आलेल्या हुकुमापुढे तो त्यानं सोडून देता कामा नये. सूचना सरकारकडून आली एवढ्यानं अर्ज बाद होत नाही, हेही तितकंच खरं. सरकारनं सुचवायचं, कागद वकिलानं वाचायचे, मत वकिलानं बनवायचं आणि ते का बनलं हे कोर्टाला सांगायचं, असा क्रम आहे.

प्रत्यक्षात काय होतं? अर्ज अनेकदा एका परिच्छेदाचा असतो. ‘शासन निर्णय क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये सदर खटला मागे घेण्याचे निर्देश आहेत, तरी खटला मागे घेण्यास परवानगी मिळावी ही विनंती.’ खाली सही, सोबत पत्राची झेरॉक्स. या अर्जात सरकारचं म्हणणं आहे, पण सहीखालच्या माणसाचं नाही. चार्जशीट वाचली का, जखमी कोण, पुरावा कसा आहे, मागे घेण्यात सार्वजनिक हित कोणतं, यातलं काहीच नाही. तुमच्या हातात असा कागद पडला तर समजा, की अर्जाची सगळ्यात कमकुवत जागा तीच आहे. चांगल्या अर्जात कारणं असतात : अमुक आरोपीविरुद्ध फक्त घटनास्थळी हजर असल्याचा पुरावा आहे, ओळख परेड झालेली नाही, दोन्ही गटांत समेट होऊन वर्षं लोटली, खटला चालवल्यानं मिटलेली तेढ पुन्हा वर येईल. ही कारणं पटोत न पटोत, ती तपासता तरी येतात.

आणि ती तपासायलाच कोर्टाची संमती ठेवली आहे. फिर्याद तुम्ही दिली, तपास पोलिसांनी केला, खटला सरकार चालवतं, मग सरकारला तो नको असेल तर मध्ये कोर्ट कशाला, असा प्रश्न तुम्हीच नाही तर पुष्कळ जण विचारतात. याचं उत्तर कलमाच्या शेवटच्या भागात आहे. दोषारोप ठेवण्याआधी खटला मागे घेतला, तर आरोपी दोषमुक्त होतो, म्हणजे त्या खटल्यातून सुटतो. दोषारोप ठेवल्यानंतर मागे घेतला, तर तो निर्दोष ठरतो आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा कधीही खटला चालवता येत नाही. तुम्हाला साक्षीचं समन्स आलंय, याचा अर्थ तुमच्या केसमध्ये दोषारोप ठेवून झालाय. म्हणजे उद्या संमती मिळाली, तर 14 जण एकही साक्ष न होता कायमचे निर्दोष होतील. निर्दोष ठरवणं हे न्यायाधीशाचं काम. ते सरकारच्या एका पत्रानं होऊ लागलं, तर दर निवडणुकीनंतर आपापल्या माणसांच्या केसेस धुऊन काढायला कुणालाच अडवता येणार नाही. म्हणून सुरुवात वकिलानं करायची आणि दार उघडायचं की नाही ते कोर्टानं ठरवायचं, अशी विभागणी आहे.

मात्र कोर्टाकडून नको ती अपेक्षाही ठेवू नका. संमती देताना मॅजिस्ट्रेट ‘हे गुन्हेगार आहेत की नाहीत’ हे ठरवत नाहीत, पुरावा तोलत नाहीत. 1957 च्या बिहार राज्य विरुद्ध राम नरेश पांडे या निकालापासून कायदा इथे स्थिर आहे. कोर्ट बघतं ते असं : सरकारी वकिलानं आपला अधिकार गैरवापर न करता वापरलाय का, अर्ज प्रामाणिक हेतूनं आहे का, की कायद्याचा नेहमीचा मार्ग भलत्याच कारणासाठी अडवण्याचा हा प्रयत्न आहे. त्यामुळे ‘पुरावा भक्कम आहे’ एवढंच सांगून तुमचं भागणार नाही, आणि ‘पुरावा कमी आहे’ एवढंच सांगून त्यांचंही नेहमी भागत नाही. सार्वजनिक शांतता, सलोखा ही कारणं न्यायालयांनी मान्य केलेली आहेत. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस आणि इतरांवर भरलेला बडोदा डायनामाइट खटला आणीबाणीनंतर मागे घेतला गेला. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य करताना म्हटलं, की सार्वजनिक न्यायाचं व्यापक हित यात सामाजिक आणि राजकीय कारणंही येऊ शकतात. तेव्हा ‘राजकारणासाठी मागे घेतायत’ हा आरोप एकटा पुरत नाही, हे मनाशी धरून ठेवा.

मग कुठे पुरतो? दोन प्रकरणं सांगते. 2000 साली वीरप्पननं अभिनेते राजकुमार यांचं अपहरण केलं आणि सुटकेच्या मागण्यांमध्ये आपल्या साथीदारांवरचे खटले आले. कर्नाटक सरकारनं टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचे आरोप मागे घ्यायचं ठरवलं, विशेष कोर्टानं संमतीही दिली. तेव्हा वीरप्पनच्या टोळीकडून मारल्या गेलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. अभिनेता डाकूच्या ताब्यात, राज्यात तणाव, आणि समोर एक म्हातारा बाप. न्यायालयानं संमती रद्द केली. सरकारी वकिलानं सगळी माहिती समोर ठेवून स्वतःचं मत बनवल्याचं दिसत नाही आणि कोर्टानंही ते तपासलं नाही, हा त्यातला गाभा होता. ‘सरकारपुढे माझं काय चालणार’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

दुसरं केरळचं. 13 मार्च 2015 ला विधानसभेत अर्थसंकल्प मांडला जात असताना तेव्हाच्या विरोधी आमदारांनी माइक, संगणक, खुर्च्या फोडल्या. नुकसान 2,20,093 रुपयांचं. पुढे तेच लोक सत्तेत आले आणि सरकारी वकिलांनी 321 चा अर्ज दिला. मॅजिस्ट्रेटनी संमती नाकारली, उच्च न्यायालयानं नाकारणं कायम केलं आणि 28 जुलै 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही. सभागृहात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, फर्निचर फोडण्याचं नाही, असा त्याचा मथितार्थ. या निकालात संमती देताना काय बघायचं ते नीट क्रमानं दिलंय, आणि त्यात गुन्ह्याचं स्वरूप, गांभीर्य आणि त्याचा लोकांच्या जीवनावर होणारा परिणाम पाहावा असंही आहे. तुमच्या वकिलांनी एकच निकाल हातात धरायचा ठरवला, तर हा धरावा.

आता तुमच्या केसकडे येऊ, कारण इथे मला तुमचीच एक समजूत थोडी हलवायची आहे. तुम्ही ‘विरोध करू की गप्प बसू’ असं विचारताय, जणू अर्ज सगळाच मान्य होईल नाही तर सगळाच फेटाळला जाईल. कलम तसं नाही. खटला सगळ्या गुन्ह्यांपुरता मागे घेता येतो, तसा एखाद्या गुन्ह्यापुरताही. सगळ्या आरोपींबाबत घेता येतो, तसा एखाद्या आरोपीबाबतही.

तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरून चार्जशीटमध्ये बहुधा अशी कलमं असतील : बेकायदा जमाव आणि दंगलीची 143, 147, 149, नुकसानीचं 427, हाड मोडलं म्हणून गंभीर दुखापतीचं 325, शिवाय बंदी आदेश मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं 37 आणि 135. या सगळ्यांना ‘आंदोलनाची केस’ असं एकच लेबल लागलंय, पण आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर जमणं, घोषणा देणं, बंदी आदेश मोडणं हे सरकार आणि आंदोलक यांच्यातलं प्रकरण. ते सलोख्यासाठी सोडून द्यावं असं सरकारी वकिलांना वाटलं, तर मला त्यात वावगं दिसत नाही. पण गजानं मनगट मोडणं ही मागणी नव्हे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ज्यानं ते सोसलं तो आंदोलनाच्या बाजूनंही नव्हता आणि विरुद्धही नव्हता, तो शटर ओढत होता. ‘सार्वजनिक हित’ हे कारण 37-135 ला लागू पडतं तसं 325 ला का लागू पडावं, हा प्रश्न तुम्ही कोर्टापुढे ठेवू शकता. समितीच्या अटीत नुकसान बसतं की नाही एवढंच पाहून पाठवलेल्या यादीत हा फरक हरवतो. 80 हजार रुपये मर्यादेत बसतात, मनगटाचा रकाना तिथे असतोच असं नाही.

चार्जशीटची नक्कल काढा आणि त्यात बघा, गज कुणाच्या हातात होता असं साक्षीदारांनी म्हटलंय. एक-दोन जणांची नावं आली असतील आणि बाकी फक्त जमावात असतील, तर तुमचं म्हणणं आणखी नेमकं होईल.

आता ‘मला न विचारता’ हा मुद्दा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 360 मध्ये एक वाक्य नव्यानं आलंय : पीडिताला म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोर्टानं खटला मागे घेऊ देऊ नये. जुन्या 321 मध्ये हे नव्हतं. ऐकून तुम्हाला बरं वाटेल, पण इथे एक गोम आहे. नवी संहिता लागू होण्याआधी जे खटले चालू होते ते जुन्या संहितेप्रमाणेच चालवायचे, असं तिच्याच कलम 531 मध्ये आहे. तुमचा खटला त्यातलाच असणार. त्यामुळे उद्या तुम्ही ‘360 प्रमाणे माझा हक्क’ म्हणून उभे राहिलात, तर समोरचे वकील पहिल्याच वाक्यात तुम्हाला खाली बसवतील.

याचा अर्थ तुम्हाला तोंडच नाही असा नाही. जुन्या कायद्यातही पीडिताची व्याख्या आहे आणि तुम्ही दोघं भाऊ तिच्यात बसता. नुकसान सोसलेला तोही पीडित, जखमी झालेला तोही. कोर्टाच्या परवानगीनं सरकारी वकिलांना साहाय्य करायला स्वतःचा वकील देता येतो. आणि एप्रिल 2022 मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणातला जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की तपासापासून अपिलाच्या शेवटापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. तो आधार घ्या. अर्ज असा करा, की ‘321 च्या अर्जावर निर्णय होण्यापूर्वी आम्हाला ऐकून घ्यावं’. संसदेनं नव्या कायद्यात हीच गोष्ट लिहून टाकली, हे पूरक म्हणून सांगा, मुख्य आधार म्हणून नको.

त्यासोबत से द्या. से म्हणजे काय ते पुण्यातल्या कुठल्याही कोर्टाच्या बाकावर बसलेला माणूस सांगेल : समोरच्या अर्जावर आपलं लेखी म्हणणं. दीड पानापेक्षा मोठा नको. त्यात राग, राजकारण, पक्षाचं नाव काही नको. ‘अर्जदार हा फिर्यादी असून त्याच्या भावास गंभीर दुखापत झालेली आहे. वैद्यकीय कागद सोबत जोडले आहेत. सरकार पक्षाच्या अर्जात शासन निर्णयाखेरीज कोणतेही कारण नमूद नाही. बंदी आदेशाच्या उल्लंघनापुरता खटला मागे घेण्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र कलम 325 आणि 427 बाबत खटला चालू ठेवावा, ही विनंती.’ एवढं पुरे. ‘हरकत नाही’ हे वाक्य तुम्हाला पटत असेल तरच घाला, पण ते असलं की तुम्ही सूड घ्यायला आलेला नाहीत हे पहिल्या वाचनात दिसतं. भावाचा से वेगळा असावा, त्याच्या सहीचा. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि प्लेट टाकल्याचा कागद त्याच्याकडेच असेल.

गल्लीतल्या मुलाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्यासाठी एक वेगळी वाट आहे, आणि लोक ती खटला मागे घेण्याशी गल्लत करतात. तडजोड. काही गुन्हे असे आहेत, की ज्याचं नुकसान झालं तोच आरोपीशी तडजोड करू शकतो, सरकारचा त्यात संबंध नाही. 427, नुकसान खासगी माणसाचं असेल तर, त्यात बसतं. तिथे तडजोड तुम्ही करायची. 325 कोर्टाच्या परवानगीनं बसतं. तिथे तडजोड तुमचा भाऊच करू शकतो, तुम्ही नाही. फिर्याद तुमच्या नावावर असली तरी मोडलेलं मनगट त्याचं आहे. आणि तडजोड ज्या आरोपीशी केली तेवढाच सुटतो, बाकीचे नाही. जमाव-दंगलीच्या कलमांचं काय होईल ते वकिलांकडून वेगळं तपासून घ्या, सगळीच कलमं तडजोडीत बसत नाहीत.

म्हणजे तो मुलगा फक्त घोळक्यात होता असं तुम्हा दोघांना खरंच वाटत असेल, तर त्याच्यापुरती तडजोड करून गजवाल्याविरुद्धची केस चालू ठेवता येते. फक्त ती कोर्टात करा. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ लिहून देणं, किंवा साक्षीला उभं राहून ‘मला काही आठवत नाही’ म्हणणं, हे मार्ग सुचवायला गल्लीत चार जण येतीलच. पहिल्यानं केस संपत नाही, दुसरं म्हणजे शपथेवर खोटं बोलणं. आणि भावाशी बोलल्याशिवाय यातलं काहीही करू नका. तुमच्या पत्रात त्याचं मत कुठेच नाही. त्याला काय तोंड दाखवू असं विचारताय, पण त्याला काय हवंय हे विचारलंय का?

माजी नगरसेवकांबद्दल एक बारकी गोष्ट. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की आजी-माजी खासदार किंवा आमदारांविरुद्धचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. त्यात नगरसेवक येत नाहीत. पण ते गृहस्थ मधल्या काळात आमदार झाले असतील, किंवा 14 जणांत दुसरा कुणी तसा असेल, तर मॅजिस्ट्रेटच्या संमतीआधी मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागेल. तेवढं तपासा.

समजा, तुमचं ऐकूनही संमती मिळाली. तर आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा. सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टानं तपासावा असा अर्ज, करायला आदेशाच्या तारखेपासून 90 दिवस असतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. आदेशात कारणं आहेत का ते बघा. ‘अर्ज वाचला, परवानगी दिली’ एवढ्या दोन ओळींवर तो उभा असेल, तर आव्हान द्यायला जागा आहे. कारणं देऊन, तुमचं म्हणणं नोंदवून दिलेला आदेश असेल, तर वरचं कोर्ट सहसा हात घालत नाही. तेव्हा पुढे पैसे आणि वर्षं घालवायची का, हे शांतपणे ठरवा. भावाच्या उपचारांचा खर्च मोठा असेल, तर खटला निर्दोषत्वात संपला तरी पीडिताला भरपाई द्यावी अशी शिफारस कोर्ट करू शकतं, कलम 357-अ खाली. तशी विनंती सेमध्येच पर्यायी म्हणून घालून ठेवा. ती रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं, आणि त्यांचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टातच आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर मोफत वकिलासाठीही तिथेच विचारा. उत्पन्नाची मर्यादा असते, कागद घेऊन जा.

आणि संमती नाकारली, तर सरकार वर जाऊ शकतं. नाही गेलं, तर तुमची साक्ष होईल. 2019 मध्ये पोलिसांना दिलेला जबाब आधी वाचून जा, सहा-सात वर्षांत तपशील इकडेतिकडे होतात आणि उलटतपासणी नेमकी तिथूनच सुरू होते.

हे सदर आरोपींच्या घरचेही वाचतात, तर दोन ओळी त्यांच्यासाठी. तुमचं नाव समितीच्या यादीत आलं म्हणून तारखा सोडू नका. संमतीचा आदेश होईपर्यंत गैरहजर राहिलात तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं, आणि मग नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत एकाऐवजी दोन गोष्टी समजावत बसाल. आदेश झाल्यावर त्याची प्रमाणित नक्कल काढून घरी ठेवा. पडताळणीला शासन निर्णयाची झेरॉक्स चालत नाही, तुमच्या आरसीसी नंबरचा आदेश लागतो, आणि त्यात ‘दोषमुक्त’ लिहिलंय की ‘निर्दोष’ तेही वाचून घ्या.

दुकानदार दादा, तारखेच्या आठवडाभर आधी एकदा कोर्टात जाऊन या. जेवणाच्या सुट्टीत एपीपी बहुतेक कोर्टातच भेटतात. फिर्यादी म्हणून ओळख सांगा, भावाला सोबत न्या, मनगटाचे कागद त्यांच्यासमोर ठेवा. अर्ज अजून दाखल झाला नसेल, तर तो लिहिणाऱ्या माणसानं ते आधी पाहिलेले बरे.